जिममधल्या मशीनवरचा फलक नेमकं काय सांगतो? फोटो काढलाय, आता तो वाचायचा कसा?

नवीन जिम लावली की पहिल्या आठवड्यात मोबाइलच्या गॅलरीत काही फोटो हमखास जमा होतात. मशीनवर चिकटवलेला इंग्रजी फलक, भिंतीवरचं स्नायूंचं पोस्टर, त्यात लाल रंगाने रंगवलेला माणूस आणि खाली बारीक अक्षरांतल्या सूचना. घरी जाऊन निवांत वाचू म्हणून फोटो काढला जातो. मग तो मित्रांच्या ग्रुपवर जातो आणि प्रश्न येतो, "याच्यावर किती वजन लावायचं?"

अहिल्यानगर जिल्ह्याला व्यायाम नवा नाही. २०२५ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगर शहरातच झाली. पण तालमीत फलक नसतो, वस्ताद असतो. जोर किती, बैठका किती, आज कुणी थांबायचं, हे तो समोरच्या पोराकडे बघून सांगतो. जिममध्ये मात्र संध्याकाळच्या गर्दीत सर एक आणि मेंबर वीस अशी स्थिती असते. अशा वेळी नवीन मेंबरला हाताशी उरतो तो फलक.

तो वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मशीन कसं वापरायचं, हे फलक सांगतो. तुम्ही किती वजन घ्यायचं, हे तो सांगत नाही. ते कुठून कळतं, हेही आपण पाहणार आहोत.

समजायला सोपं जावं म्हणून आपण एकच मशीन घेऊ: लॅट पुलडाऊन. वर आडवा बार लटकतोय, खाली सीट आहे, मांड्यांवर येणारे पॅड आहेत आणि समोर लोखंडी प्लेट्सची चळत आहे. लहान-मोठ्या बहुतेक जिममध्ये ते असतं, आणि त्याचा फलक वाचता आला की बाकीचे फलक फार अवघड जात नाहीत.

फोटो एक नको, तीन हवेत

फक्त फलकाचा फोटो घरी नेला तर अर्धी माहिती जिममध्येच राहते. म्हणून तीन फोटो काढा. पहिला पूर्ण फलकाचा, कडेच्या बारीक अक्षरांसह. दुसरा प्लेट्सच्या चळतीचा, ज्यात प्रत्येक प्लेटवरचे आकडे आणि ते किलोत आहेत की पाउंडात हे दिसेल. तिसरा सीट किंवा पॅड वर-खाली करण्याच्या नॉबचा, शेजारी छिद्रांचे क्रमांक असतील तर त्यांच्यासह.

फलक चकचकीत असतो, त्यामुळे फ्लॅश बंद ठेवा आणि किंचित तिरके उभे राहा, नाहीतर नेमक्या इशाऱ्याच्या ओळीवर पांढरा डाग येतो. जिममध्ये चारही बाजूंनी आरसे असतात. व्यायाम करणारी दुसरी कुणी व्यक्ती फोटोत येत नाही ना, हे ग्रुपवर टाकण्याआधी बघा.

आणखी एक फरक लक्षात घ्या. मशीनवरचा फलक त्या मशीनसाठी असतो. भिंतीवरचं पोस्टर मात्र कुठल्याही कंपनीचं, कितीही जुनं असू शकतं. दोन्हींत वेगळं लिहिलं असेल तर मशीनवरचा फलक ग्राह्य धरा.

आधी वाचा तळाची इशाऱ्याची पट्टी

आपण चित्र आधी बघतो आणि तळाची पट्टी वाचतच नाही. वाचायचा क्रम उलटा हवा.

या पट्टीवर बहुधा तीनपैकी एक इंग्रजी शब्द ठळक असतो: डेंजर, वॉर्निंग किंवा कॉशन. मराठीत तिन्हींना आपण 'सावधान' म्हणून मोकळे होतो, पण ते एकाच वजनाचे शब्द नाहीत. अमेरिकेतल्या सुरक्षा-चिन्हांच्या मानकानुसार 'डेंजर' म्हणजे सूचना पाळली नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, 'वॉर्निंग' म्हणजे तशी इजा होऊ शकते आणि 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. त्यांचे रंगही ठरलेले आहेत: अनुक्रमे लाल, नारिंगी आणि पिवळा. सगळ्याच स्टिकरवर हे रंग पाळलेले असतील असं नाही, म्हणून रंगापेक्षा शब्द वाचा.

लॅट पुलडाऊनच्या पट्टीवर साधारणपणे असतात त्या सूचना आणि त्यांची कारणं अशी:

- पिन पूर्ण आत घाला. पिन अर्धवट बसली तर ओढताना ती निसटू शकते आणि वर उचललेल्या प्लेट्स एकदम खाली येतात. पिन आत गेली की हलकेच ओढून बघा. मशीनसोबतची पिन हरवली म्हणून तिथे स्क्रू ड्रायव्हर किंवा सळई घातलेली दिसली, तर ते मशीन वापरू नका.
- हलणाऱ्या भागांपासून हात, केस, कपडे दूर ठेवा. इथे ओढणी, सुटी वेणी, गळ्यातला टॉवेल आणि इअरफोनची वायर हे सगळं येतं. ओढणी घ्यायचीच असेल तर ती बांधून घ्या. चळतीजवळ लहान मुलांना थांबू देऊ नका, कारण दोन प्लेट्सच्या फटीत बोट सहज जातं.
- प्लेट्स अडकल्या तर स्वतः सोडवू नका. हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं. अडकलेली चळत वर लटकलेली असते. खाली हात घालून ती हलवली की सगळं वजन त्या हातावर येतं. बाजूला व्हा, इतरांना थांबवा आणि सरांना बोलवा.
- वापरण्याआधी केबल तपासा. केबलवरचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं आहे का, आतल्या तारा उसवल्या आहेत का, बारला जोडणारी कडी नीट बंद आहे का, हे दहा सेकंदांत दिसतं. लॅट पुलडाऊनमध्ये बार डोक्याच्या वर असतो. केबल तुटली तर तो डोक्यावर किंवा तोंडावर येतो.

काही मशीनच्या बारीक लेबलवर इंग्रजी एस किंवा एच हे अक्षर असतं. व्यायामाच्या उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात एस म्हणजे व्यावसायिक वापरासाठी, तर एच म्हणजे घरगुती वापरासाठी. एच असलेलं मशीन जिममध्ये दिवसभर वापरात दिसलं, तर केबल आणि जोड तपासण्याची सवय जास्तच कडक ठेवा.

लाल रंग म्हणजे नेमकं काय?

फलकावरच्या माणसाच्या अंगावर काही भाग लाल आणि काही फिके असतात. गडद लाल म्हणजे त्या व्यायामात मुख्य काम करणारा स्नायू. फिका लाल, नारिंगी किंवा पिवळा म्हणजे मदतीला येणारा. लॅट पुलडाऊनमध्ये पाठीची दोन्ही बाजूंची रुंद जागा गडद असते आणि दंडाचा पुढचा भाग फिका.

इथली नावं लॅटिन आहेत, म्हणून घाबरायला होतं. पण ती मुळात वर्णनं आहेत. लॅटिसिमस डॉर्साय, ज्याला जिममध्ये सगळे 'लॅट्स' म्हणतात, त्याचा अर्थ 'पाठीचा सर्वांत रुंद'. बायसेप्स म्हणजे दोन डोकी असलेला, ट्रायसेप्स तीन, क्वाड्रिसेप्स चार. नेहमी दिसणारी नावं अशी ओळखा:

- लॅट्स: काखेखालून कमरेकडे पसरलेला पाठीचा स्नायू
- पेक्स किंवा चेस्ट: छाती
- डेल्टॉइड: खांद्याचा त्रिकोणी स्नायू
- बायसेप्स आणि ट्रायसेप्स: दंडाचा पुढचा आणि मागचा भाग
- क्वाड्स आणि हॅमस्ट्रिंग्स: मांडीचा पुढचा आणि मागचा भाग
- ग्लूट्स: नितंब
- काफ: पोटरी
- ॲब्स: पोटाचे स्नायू

लाल रंगाचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. पोटाच्या मशीनवर पोट लाल दिसतं, म्हणून तिथली चरबी जाईल असं वाटतं. लाल रंग स्नायूचं काम दाखवतो, चरबीची जागा नाही. शरीर चरबी वापरतं ती सगळीकडून, आणि कुठली आधी कमी होणार हे मशीन ठरवत नाही.

लाल रंगाचा खरा उपयोग वेगळा आहे. व्यायाम करताना ताण त्या जागेत जाणवतोय का, हे तपासता येतं. लॅट पुलडाऊन करताना पाठीत काहीच जाणवत नाही आणि फक्त मनगटं व मान भरून येतात, तर बहुतेक वेळा वजन जास्त आहे किंवा बसणं चुकलंय.

दोन चित्रं: सुरुवात आणि शेवट

फलकावर एकाच माणसाची दोन चित्रं असतात. पहिलं सुरुवातीच्या स्थितीचं, दुसरं शेवटच्या. मधला प्रवास बाणाने दाखवलेला असतो. दोन चित्रं शेजारी ठेवून काय हललं आणि काय हललं नाही, हे शोधा. लॅट पुलडाऊनमध्ये हलतात ते हात. कंबर, पाय आणि डोकं जवळजवळ तिथेच असतात. चित्रात जे हललेलं नाही, ते तुम्हीही हलवायचं नाही.

पहिल्या चित्राआधी एक पायरी असते: मशीन आपल्या मापाचं करून घेणं. सीटवर बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि पॅड मांड्यांना वरून नीट लागला पाहिजे. पॅड सैल असेल तर जड वजन तुम्हालाच सीटवरून वर ओढतं. नॉब ओढून पॅड खाली घ्या आणि नॉब छिद्रात परत बसल्याचा 'खट' आवाज ऐका. त्या छिद्राचा क्रमांक फोटोखाली लिहून ठेवला की दुसऱ्या दिवशी शोधाशोध नको.

मग सूचना येतात. त्या सोप्या मराठीत अशा: उभं राहून बार धरा, पकड खांद्यांपेक्षा थोडी रुंद ठेवा, बार धरूनच खाली बसा. छाती किंचित वर, पाठ अगदी थोडी मागे. कोपरं खाली नेत बार छातीच्या वरच्या भागापर्यंत आणा. खाली आणताना श्वास सोडा, वर जाऊ देताना श्वास घ्या.

श्वासाची ओळ बरेच जण सोडून देतात. जोर लावताना श्वास रोखून धरला की रक्तदाब एकदम वाढतो. तरुण, निरोगी माणसाला हलक्या वजनावर त्याने फारसा फरक पडणार नाही, पण उच्च रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी ही ओळ महत्त्वाची आहे. काही सुचत नसेल तर रेप्स मोठ्याने मोजा. मोजताना श्वास रोखता येत नाही.

'कंट्रोल्ड' हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ वजन सोडून द्यायचं नाही, परत नेतानाही धरून ठेवायचं. बार खाली आणायला दोन सेकंद, वर न्यायला तीन सेकंद हा हिशेब पुरेसा आहे. खालची प्लेट चळतीवर दण्णकन आपटली, तर परतीचा अर्धा व्यायाम झालाच नाही.

शेवटी उठतानाही बार हातात धरूनच उभं राहायचं आणि वजन पूर्ण टेकल्यावर बार सोडायचा. बसल्या जागी बार सोडला तर तो झटक्यात वर जातो आणि चळत खाली आपटते. ही गोष्ट फलकावर अनेकदा नसते.

जुन्या पोस्टरांवर बार मानेच्या मागे घेतलेला दिसतो. तसं करू नका. त्या स्थितीत खांदा टोकापर्यंत मागे वळतो आणि डोकं पुढे झुकवावं लागतं. बदल्यात पाठीला जास्तीचं काही मिळत नाही. छातीसमोर घेतलेल्या बारने लॅट्सचं काम तितकंच होतं.

३ × १२ म्हणजे काय?

गुणाकाराचं चिन्ह दिसलं तरी हा गुणाकार नाही. एक हालचाल सुरुवातीपासून परत सुरुवातीपर्यंत केली की एक रेप होतो. सलग १२ रेप्स केले की एक सेट. ३ × १२ म्हणजे १२ चे तीन सेट, प्रत्येकाच्या मध्ये विश्रांती. सलग ३६ करायचे नाहीत. नवीन मेंबरने मध्ये एक ते दोन मिनिटं थांबावं.

'८-१२' असं लिहिलं असेल तर तो पट्टा आहे. वजन असं निवडा की किमान ८ होतील आणि १२ च्या पुढे जाणं अवघड जाईल. नवशिक्यांसाठी हाच पट्टा अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ च्या मार्गदर्शक भूमिकेत सुचवला आहे, आठवड्यातून दोन-तीन दिवसांसाठी. 'ईच साइड' असेल तर दोन्ही बाजूंनी तेवढे रेप्स. 'टू फेल्युअर' म्हणजे पुढचा रेप होणारच नाही तिथपर्यंत. हे पहिल्या महिन्यात नको.

तालमीतून आलेल्यांची इथे गल्लत होऊ शकते. तिथे जोर-बैठकांचा आकडा वाढवत नेणं ही प्रगती असते, कारण वजन तेच, म्हणजे स्वतःचं शरीर. जिममध्ये आकडा ८ ते १२ च्या आसपास राहतो आणि वजन वाढत जातं.

प्लेटवरचा आकडा किलो की पाउंड?

दुसरा फोटो आता कामाला येतो. चळतीवर ५, १०, १५ असे आकडे असतील आणि शेजारी केजी असेल तर प्रश्न नाही. एलबी किंवा एलबीएस लिहिलं असेल तर ते पाउंड आहेत. १ पाउंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो. तोंडी हिशेब सोपा आहे: निम्मं करा आणि त्यातून दहावा भाग वजा करा. १०० पाउंडाचे निम्मे ५०, त्यातून ५ वजा, म्हणजे ४५ किलो.

काही चळतींवर फक्त १, २, ३, ४ असे क्रमांक असतात. ते वजन नाही, प्लेटचा नंबर आहे. मित्र "मी सातवर मारतो" म्हणाला तर त्याच्या जिममधलं सात आणि तुमच्या जिममधलं सात एकच असेल असं नाही.

आकडा किलोत असला तरी दोन मशीनची तुलना होत नाही. केबल किती पुलींवरून फिरते यावर हाताला लागणारं वजन बदलतं. साध्या लॅट पुलडाऊनमध्ये चळतीवरचे २० किलो हाताला साधारण तेवढेच लागतात. पण दोन हँडल असलेल्या अनेक केबल मशीनमध्ये पुलीची रचना अशी असते की चळतीवरचे २० हाताला १० च्या आसपास लागतात. त्यामुळे आकडा नेहमी मशीनच्या नावासह लिहा.

पहिला दिवस: एक उदाहरण

समजा सावेडीतल्या एका जिममध्ये २४ वर्षांच्या मुलीचा पहिला आठवडा आहे. तब्येत ठीक आहे, आधी कधी वजन उचललेलं नाही. लॅट पुलडाऊनच्या फलकावर '३ × १२' लिहिलंय आणि प्रत्येक प्लेट ५ किलोची आहे.

ती १५ किलोवर पिन घालते. १२ रेप्स होतात आणि अजून दहा सहज झाले असते. हा सराव समजायचा. एक-दोन मिनिटांनी २० किलो. १२ होतात, अजून पाच-सहा होतील असं वाटतं. मग २५ किलो. इथे नवव्या रेपनंतर वेग आपोआप कमी होतो, दहावा नीट होतो आणि अजून फार तर दोन झाले असते. ती तिथे थांबते. तिचं कामाचं वजन २५ किलो आहे. फलकावर १२ लिहिलंय आणि तिचे १० झाले, यात चूक काहीच नाही.

'अजून दोन झाले असते' ही खूण नवीन मेंबरसाठी वजन मोजण्याची सर्वांत चांगली पट्टी आहे. पाच-सहा शिल्लक वाटत असतील तर वजन कमी आहे. शेवटचे रेप्स कंबर मागे झोकून काढावे लागत असतील तर जास्त आहे.

दोन-तीन आठवड्यांनी तिचे २५ किलोवर १२ रेप्स नीट होऊ लागतात. आता पुढची प्लेट? थांबा. त्याच संस्थेचं सांगणं असं की ठरलेल्या आकड्यापेक्षा एक-दोन रेप्स जास्त होऊ लागले की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवावं. २५ वरून ३० म्हणजे एकदम २० टक्के. ज्याचं कामाचं वजन ६० किलो आहे त्याला तीच प्लेट आठ टक्क्यांची पडते. म्हणजे जितके नवीन, तितकी एक प्लेट जड.

उपाय दोन आहेत. काही मशीनवर २.५ किलोचं छोटं जोडवजन असतं, ते वापरायचं. ते नसेल तर २५ किलोवरच १५ रेप्सपर्यंत जायचं आणि मग ३० किलोवर ८ पासून सुरुवात करायची. चळतीवर डंबेल ठेवून वजन वाढवण्याची युक्ती कुणी सुचवली तर नकोच. डंबेल घसरून पायावर येतो.

फलक तुमच्याबद्दल काय सांगत नाही

फलकाच्या कोपऱ्यात एक ओळ असते: व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. ती प्रत्येक मशीनवर असल्याने कुणी मनावर घेत नाही. पण काहींनी ती खरंच आपल्यासाठी लिहिली आहे असं समजावं: उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, डोळ्यांपर्यंत पोचलेला मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण. अशांनी फलकाचे फोटो डॉक्टरांना दाखवावेत. 'जिम करू का?' यापेक्षा 'हे मशीन करू का?' या प्रश्नाचं उत्तर नेमकं मिळतं.

दुसरं, कुठलं दुखणं चालतं आणि कुठलं नाही, हेही फलकावर नसतं. व्यायाम करताना स्नायूत होणारी जळजळ आणि नंतरचे एक ते तीन दिवस अंग आंबणं हे सुरुवातीला साहजिक आहे. सांध्यात टोचल्यासारखी तीव्र कळ, हाताला मुंग्या किंवा अचानक 'कट' आवाजासह दुखणं हे साहजिक नाही. तिथे सेट अर्ध्यावर सोडा.

छातीत दुखणं किंवा दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, घाम फुटून दम लागणं, यांत वाट बघू नका. सरांना सांगा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

एक खूण नवीन मेंबरला सहसा कुणी सांगत नाही. पहिल्याच दिवशी जोशात खूप सेट मारले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सुजून प्रचंड दुखत असतील, लघवी कोकसारखी गडद तपकिरी होत असेल, तर ते अंग आंबणं नाही. स्नायू फार प्रमाणात तुटले की त्यातले घटक रक्तात येतात आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात. त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि कुठला व्यायाम किती केला ते सांगा.

बागेतल्या ओपन जिमचा फलक

जिमची फी न भरता व्यायाम करणारे अनेक जण बागेतल्या ओपन जिमवर जातात. तिथे पिन किंवा प्लेट्स नसतात. बहुतेक मशीनवर वजन म्हणजे तुमचंच शरीर, त्यामुळे फलकावर स्नायूंची नावं आणि हालचालीचं चित्र एवढंच असतं. अवघडपणा कमी-जास्त करायचा तर रेप्स आणि वेग बदलावा लागतो.

तिथली मुख्य सावधगिरी मुलांबाबत आहे. ती मशीन झोपाळ्यासारखी दिसतात, पण खेळणी नाहीत. मैदानी व्यायाम साहित्याचं युरोपीय मानक १.४ मीटरपेक्षा उंच व्यक्तींसाठीच आहे. त्याहून बुटक्या मुलांचे हात-पाय त्या दांड्यांच्या मापात बसत नाहीत आणि हलत्या जोडात बोटं अडकण्याचा धोका असतो. फलकावर वय किंवा उंचीची अट असेल तर ती याच कारणासाठी आहे.

उद्या जिममध्ये गेल्यावर

फोटो घरी वाचून झाला की सरांना विचारायचे प्रश्न नेमके होतात. "हे कसं करायचं?" असं विचारलं तर गर्दीत एक घाईचं उत्तर मिळेल. त्याऐवजी हे तीन विचारा: माझ्यासाठी पॅड कितव्या छिद्रावर? चळतीवरचा आकडा किलोत आहे की पाउंडात? आणि माझा एक सेट बघून सांगाल का, कंबर हलतेय का?

मिळालेलं उत्तर फोटोखालीच लिहून ठेवा, तारखेसह: 'लॅट पुलडाऊन, पॅड ४, २५ किलो, १० रेप्स'. पुढच्या वेळी ग्रुपवर "किती वजन लावायचं?" असं विचारावं लागणार नाही. ते तुमच्याच फोटोखाली लिहिलेलं असेल.